जेडीतल्या ‘ओनरशिप’चं नेमकं काम काय?

पत्र

आमच्या कंपनीत विकलेल्या यंत्रांची दुरुस्ती आणि देखभाल बघणारा विभाग आहे. तिथली सर्व्हिस कोऑर्डिनेटरची जागा वर्षभरात दुसऱ्यांदा रिकामी झाली आहे. एचआर म्हणून मी एकटीच आहे. साहेबांनी दिलेली जेडी, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, अशी: ‘डायनॅमिक, सेल्फ-स्टार्टर उमेदवार हवा. ओनरशिप घेणारा. फास्ट-पेस्ड वातावरणात मल्टिटास्किंग करू शकणारा. उत्कृष्ट संवादकौशल्य. स्टेकहोल्डर मॅनेजमेंट. टीम प्लेयर, लवचिक वृत्ती. पदवीधर, 3 ते 5 वर्षांचा अनुभव, एमएस ऑफिसवर प्रभुत्व.’ अर्ज ढिगाने येतात, पण कामाचं माणूस मिळत नाही. मागची मुलगी दोन महिन्यांत सोडून गेली. जाताना म्हणाली, ‘मला सांगितलं ते काम हे नव्हतंच.’ साहेब म्हणतात, जेडी नीट लिही. या शब्दांच्या जागी काय घालू?

उत्तर

शब्दाच्या जागी दुसरा शब्द शोधायला बसू नका. ‘डायनॅमिक’ काढून ‘उत्साही’ लिहिलंत आणि ‘सेल्फ-स्टार्टर’च्या जागी ‘स्वयंप्रेरित’ घातलंत, तर जेडी मराठीत येईल, नीट होणार नाही. ही जेडी दोन दिवस बाजूला ठेवा आणि तुमच्या साहेबांना हे शब्द का सुचले असतील ते बघा. माझा अनुभव असा, की असा प्रत्येक शब्द कुठल्या तरी घडलेल्या प्रसंगावर घातलेलं झाकण असतो. कधीतरी काहीतरी बिनसलं, साहेबांना त्रास झाला, आणि पुढच्या जेडीत एक विशेषण वाढलं. तो प्रसंग हाती आला की काम दिसतं. काम दिसलं की ते कुणाला जमेल हेही दिसतं.

ही युक्ती माझी नाही, जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात जॉन फ्लॅनागन नावाचे मानसशास्त्रज्ञ वैमानिकांच्या निवडीवर काम करत होते. प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या उमेदवारांच्या फाइली त्यांच्या गटाने तपासल्या. नापास करण्याची कारणं बघितली तर ‘उड्डाणाची उपजत क्षमता नाही’, ‘निर्णयशक्ती कमी’, ‘प्रगती अपुरी’ असलीच. त्यावरून पुढची निवड कशी सुधारणार? म्हणून त्यांनी प्रशिक्षकांची मतं विचारणं सोडून प्रसंग विचारायला सुरुवात केली: नेमकं काय घडलं, त्या माणसाने काय केलं, त्याचा परिणाम काय झाला. 1954 मध्ये त्यांनी या पद्धतीवर सविस्तर लेख लिहिला आणि ती आजही वापरात आहे. तुमच्या जेडीचा आजार आणि त्या फाइलींचा आजार एकच आहे, म्हणून औषधही तेच.

साहेबांसमोर बसाल तेव्हा ‘तुम्हाला कसा माणूस हवाय?’ हा प्रश्न तोंडातूनही काढू नका. त्या प्रश्नाला विशेषणंच उत्तर म्हणून येतात. तुमच्यासारख्याच एका पदासाठी मी एका सर्व्हिस मॅनेजरबरोबर बसले होते. त्यांच्याही यादीत ‘ओनरशिप’ सगळ्यात वर होती. बोलणं साधारण असं झालं.

‘ओनरशिप कमी पडली, असं शेवटचं कधी वाटलं तुम्हाला?’

‘नेहमीच. कॉल आपला समजून कुणी करतच नाही.’

‘एक कॉल सांगा ना. अगदी अलीकडचा.’

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, ‘गेल्या महिन्यातला. टेक्निशियन साइटवर गेला, बोर्ड उडालेला होता, स्पेअर गाडीत नव्हता. तो परत आला, कॉल पेंडिंगला टाकला. कस्टमरला वाटलं, उद्या येतील. चार दिवस कुणी फोनच केला नाही. पाचव्या दिवशी त्याचा फोन थेट माझ्या मोबाइलवर.’

‘कोऑर्डिनेटरने त्या चार दिवसांत काय करायला हवं होतं?’

‘स्टोअरला विचारायचं, बोर्ड कधी येतोय. कस्टमरला सांगायचं. एवढंच!’

‘तिने स्टोअरला विचारलं असतं तर तारीख मिळाली असती?’

इथे ते हसले. स्टोअरवाले तोंडी तारीख देत नसत, आणि मेलला उत्तर फक्त मॅनेजरच्या मेललाच येत असे.

या पाच मिनिटांत आम्हाला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे ‘ओनरशिप’ या शब्दाखाली दडलेलं काम. ते आम्ही असं लिहिलं: ‘स्पेअरअभावी थांबलेल्या कॉलची यादी रोज सकाळी तपासणे, स्टोअरकडून स्पेअर येण्याची तारीख लेखी घेणे, आणि ज्या ग्राहकाला दोन दिवसांत काही कळवलेले नाही त्याला फोन करून नवी तारीख देणे.’ हे काम झालं की नाही, हे संध्याकाळी यादी उघडली की कुणालाही कळतं. ओनरशिप होती की नव्हती, यावर मात्र दोघांचं कधीच एकमत होणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची होती. या पदाकडे अधिकारच नव्हता. माणसाने कॉल कितीही आपला मानला तरी स्टोअर त्याला उत्तर देत नसेल, तर तो ग्राहकाला सांगणार काय? ‘ओनरशिप घेणारा’ असं लिहिलं की हा दोष येणाऱ्या उमेदवाराच्या स्वभावात ढकलला जातो. म्हणून प्रत्येक जबाबदारी लिहिताना शेजारी एक प्रश्न लिहून ठेवा: यातलं काय हा माणूस कुणाला न विचारता ठरवू शकतो? ठरलेली भेट पुढे ढकलता येईल का? दुसऱ्या टेक्निशियनच्या गाडीतला स्पेअर वळवता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तरी हरकत नाही, पण मग जेडीत तसं सांगा: ‘मॅनेजरच्या परवानगीने.’ त्या कंपनीत स्टोअरची तारीख कोऑर्डिनेटरला मेलवर मिळेल असं आधी ठरवलं गेलं, आणि मगच ते वाक्य जेडीत आलं.

साहेबांइतकंच, खरं तर काकणभर जास्तच, तुम्हाला आणखी दोघांकडून मिळेल. जागा रिकामी आहे म्हणताय, म्हणजे सध्या हे काम कुणीतरी अंगावर घेऊन ओढतंय. त्या व्यक्तीला विचारा, की काल सकाळपासून काय काय केलं. आणि एखाद्या टेक्निशियनला विचारा, की कोऑर्डिनेटरकडून काय मिळालं नाही की तुमची फेरी फुकट जाते. माणसं विसरतात, म्हणून सोबत कागद बघा. दोन आठवड्यांचं कॉल रजिस्टर, पाठवलेल्या मेलचा फोल्डर आणि जॉब शीटचा गठ्ठा एवढं पुरे. मागच्या मुलीचा मेलबॉक्स अजून बंद केला नसेल, तर आयटीला सांगून तेवढे दोन आठवडे काढून घ्या.

या कागदांतून वेळेचा हिशेब मांडा. ‘फास्ट-पेस्ड’ आणि ‘मल्टिटास्किंग’ या दोन शब्दांखाली काय आहे, ते प्रसंगापेक्षा आकड्यांतून लवकर कळतं. मी सांगते त्या ठिकाणी चित्र असं होतं. दिवसाला सरासरी 40 फोन, प्रत्येकी नोंदीसह 6 मिनिटं, म्हणजे 240 मिनिटं. नऊ टेक्निशियनना सकाळी आणि दुपारी कॉल वाटून देणं, 90 मिनिटं. पेंडिंग कॉलचा पाठपुरावा, रोज पंधराएक फोन, पाच-पाच मिनिटांचे, 75 मिनिटं. जॉब शीटवर लिहिलेले स्पेअर स्टोअरच्या नोंदीशी जुळवून बिलिंगला पाठवणं, रोज 25 शीट, प्रत्येकी 5 मिनिटं, 125 मिनिटं. रोजचा अहवाल 20 मिनिटं. बेरीज 550 मिनिटं. जेवण-चहा सोडून हातात असलेला वेळ 480 मिनिटं.

म्हणजे तिथे ‘फास्ट-पेस्ड’चा अर्थ एवढाच होता, की रोज 70 मिनिटांचं काम जास्त आहे. इथे जेडी कितीही स्वच्छ लिहिली तरी उपयोग नाही; आधी काम कमी करावं लागतं. तिथे टेक्निशियनने साइट सोडण्याआधी वापरलेल्या स्पेअरचा नंबर मोबाइलवरच भरायचा असं ठरलं. मग कोऑर्डिनेटरकडे फक्त न जुळणारी शीट यायला लागली, रोज पाचेक. 125 मिनिटांची 25 झाली आणि दिवसाची बेरीज 450 वर आली. तुमच्याकडे हिशेब वेगळा निघेल. पण निघालेली बेरीज दिवसात मावत नसेल, तर जेडी तिथेच थांबवा आणि आकडे साहेबांपुढे ठेवा. ‘प्रेशरखाली काम करण्याची क्षमता’ लिहून ही बेरीज मावत नाही. तिसरा माणूसही दोन महिन्यांत जाईल.

या हिशेबात आणखी एक गोष्ट उघडी पडते. जॉब शीट जुळवण्याचं काम त्या कंपनीतही जुन्या जेडीत कुठेच नव्हतं, आणि दिवसाचे दोन तास तेच खात होतं. उलट ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’ला मोठं स्थान होतं. प्रत्यक्षात तो आठवड्यातून एकदा स्टोअर, बिलिंग आणि सर्व्हिस यांच्यात होणारा अर्ध्या तासाचा फोन होता, ज्यात कोऑर्डिनेटरने अडकलेल्या कॉलची यादी वाचायची. तुमच्याकडची मुलगी ‘सांगितलं ते काम हे नव्हतंच’ म्हणाली, त्याचं मूळ बहुधा इथेच सापडेल: जेडीत शोभेचं काम वर असतं आणि वेळ खाणारं काम गाळलेलं असतं. जबाबदाऱ्या वेळेच्या क्रमाने लावा. जिथे जास्त वेळ जातो, ते सगळ्यात वर. कंटाळवाणं असेल तरीही. ज्याला शीट जुळवायचा कंटाळा आहे तो जेडी वाचूनच बाजूला होईल, आणि तुमचे दोन महिने वाचतील.

आता वाक्यांकडे. जबाबदारीच्या वाक्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: काय करायचं, कशावर करायचं, आणि झालं हे कशावरून कळणार. जिथे फरक पडतो तिथे किती वेळा आणि कशाच्या मदतीने, हेही घाला. क्रियापदांवर विशेष नजर ठेवा. ‘समन्वय साधणे’, ‘लक्ष ठेवणे’, ‘सहकार्य करणे’, ‘खात्री करणे’, ‘हाताळणे’ ही क्रियापदं दिसली की थांबायचं. तुमच्या पदाच्या नावातच समन्वय आहे, त्यामुळे ‘टेक्निशियनशी समन्वय साधणे’ हे वाक्य हमखास येणार. स्वतःला विचारा, एखाद्याच्या शेजारी खुर्ची टाकून मी हा समन्वय बघत बसले तर मला काय दिसेल? दिसेल ते असं: ती नकाशा आणि रजिस्टर बघून ठरवते की कुठला कॉल कुणाला द्यायचा, टेक्निशियनला पत्ता, यंत्राचं मॉडेल, बिघाडाचं वर्णन आणि लागणारा स्पेअर पाठवते, आणि दुपारी उरलेले कॉल पुन्हा वाटते. बस्स, हेच लिहा. शेजारी बसून जे दिसणार नाही, ते जबाबदाऱ्यांच्या यादीतून काढा.

अशी सहा-सात वाक्यं झाली की हात आवरा. स्टेपलर बदलण्यापर्यंत सगळं लिहिलेल्या जेड्याही मी बघितल्यात. त्या कुणी वाचत नाही. एकूण वेळाच्या वीस भागांतल्या एका भागाएवढाही वेळ न खाणारी कामं एका वाक्यात गोळा करा. अपवाद फक्त क्वचित पण महागात पडणाऱ्या कामांचा: वर्षातून दोनदाच घडतं, पण चुकलं तर मोठा ग्राहक जातो, असं काही असेल तर ते स्वतंत्र लिहा.

‘टीम प्लेयर’ आणि ‘लवचिक वृत्ती’ यांच्याबाबत मला थोडा संशय असतो, आणि तो बऱ्याचदा खरा ठरतो. या शब्दांमागे प्रसंग विचारला की कामाच्या वेळा बाहेर येतात. त्या मॅनेजरना ‘लवचिक’ म्हणजे काय ते तीनदा विचारावं लागलं, तेव्हा कळलं की दर दुसऱ्या शनिवारी यायचं असतं आणि महिन्यातून एक आठवडा संध्याकाळी सात ते नऊ तातडीच्या कॉलचा मोबाइल जवळ ठेवायचा असतो. ‘टीम प्लेयर’ म्हणजे दुसरी कोऑर्डिनेटर रजेवर गेली की तिचेही टेक्निशियन बघायचे. हे गैर काही नाही, पुष्कळ लोक आनंदाने करतील. पण हे जॉइन झाल्यावर कळलं, तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं. वेळा, शनिवार, मोबाइलचा आठवडा, बदलीचं काम, सगळं आकड्यांत लिहा. वृत्तीबद्दल एक अक्षर लिहू नका.

आता पात्रता. इथला नियम सोपा आणि निष्ठुर आहे: प्रत्येक अट एखाद्या जबाबदारीला टांगलेली हवी. जिला टांगायला खुंटी सापडत नाही, ती अट पडली. आणि खुंटी सापडली तरी पुढचा प्रश्न विचारायचा, की हे पहिल्या दिवशी यायलाच हवं की आपण पहिल्या महिन्यात शिकवतो? तुमच्या कॉल नोंदवायच्या सॉफ्टवेअरची माहिती कुणालाच आधीपासून नसणार, ती तुम्ही शिकवणारच आहात. ती अट म्हणून लिहिलीत, तर चांगली माणसं विनाकारण गळतील.

‘उत्कृष्ट संवादकौशल्य’ या अटीला फोनच्या जबाबदारीची खुंटी आहे. पण लागतं काय? चार दिवस थांबलेल्या ग्राहकाचं बोलणं ऐकून घेणं, न भांडता आणि खोटी तारीख न देता फोन संपवणं. टेक्निशियनला चार ओळींत नेमका निरोप देणं. फोन ज्या भाषांत येतात त्या भाषा बोलता येणं. इथे भाषणाची कला लागत नाही, लांबलचक मेलही लागत नाहीत. तुमच्या ग्राहकांचे फोन इंग्रजीत येत नसतील, तर ‘अस्खलित इंग्रजी’ घालायचा मोह टाळा. जेडीत ते नसूनही मुलाखतीत मागून शिरतं. ‘एमएस ऑफिसवर प्रभुत्व’ याचंही तेच. त्या कंपनीत प्रेझेंटेशन कुणी करतच नव्हतं. लागत होतं एवढंच, की एक्सेलमध्ये यादी फिल्टर करता यावी आणि दोन याद्या नंबरवरून जुळवता याव्यात, मग ते `VLOOKUP` ने करा नाही तर आणखी कशाने. लिहायचं तेवढंच.

‘पदवीधर’ या अटीवर साहेब अडून बसतील, म्हणून एक खटला सांगते. अमेरिकेतल्या ड्यूक पॉवर कंपनीने आपल्या एका वीजकेंद्रात चांगल्या विभागांत जाण्यासाठी शालान्त शिक्षणाची आणि चाचण्यांची अट घातली होती. त्या अटींमुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात बाहेर राहत. ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या नावाने प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1971 मध्ये न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल दिला. निकालातलं एक निरीक्षण आपल्या कामाचं आहे. अट लागू होण्याआधीपासून त्या विभागांत असलेले, शालान्त शिक्षण नसलेले कर्मचारी ते काम समाधानकारकपणे करतच होते. मग ती अट कामाबद्दल काय सांगत होती? कायदा तिथला, पण प्रश्न कुठेही विचारता येतो. तुमच्या विभागात आजवर ज्यांनी हे काम उत्तम केलं, त्यांना नव्या जेडीच्या अटी लावून बघा. त्यातला एखादा गळत असेल तर अट चुकीची आहे.

अनुभवाच्या वर्षांचं कोडं थोडं वेगळं. ‘3 ते 5 वर्षं’ हा आकडा सहसा मागच्या जेडीतून उचललेला असतो. साहेबांना विचारा, तिसऱ्या वर्षी माणूस असं काय शिकतो जे पहिल्या वर्षी येत नव्हतं? आम्ही विचारलं तेव्हा उत्तर आलं: गर्दीच्या दिवशी कुठला कॉल आधी घ्यायचा, हे कळायला वेळ लागतो. मग आम्ही वर्षं काढली आणि लिहिलं, ‘एका वेळी अनेक माणसांच्या कामाचे वेळापत्रक लावण्याचा किमान एक वर्षाचा अनुभव, क्षेत्र कोणतेही चालेल.’ आलेल्या अर्जांत कुरिअर, रुग्णालय आणि शाळेच्या बस वाहतुकीत काम केलेली माणसं होती, जी जुन्या जेडीला कधी दिसलीच नसती. आणि वरची मर्यादा, ते ‘5’? ती बहुतेक वेळा पगारासाठी असते. पाचाहून जास्त वर्षं झालेला माणूस जास्त मागेल, ही भीती. तर मग पगाराचा पट्टा लिहा ना. ज्याला तो परवडतो, त्याचा अनुभव जास्त असला तर तुमचं काय बिघडलं?

‘डायनॅमिक’ आणि ‘सेल्फ-स्टार्टर’ राहिले. प्रसंग विचारून बघा. सेल्फ-स्टार्टरमागे बऱ्याचदा ‘मला शिकवायला वेळ नाही’ हे दडलेलं असतं. तसं असेल तर ते स्पष्ट लिहा, म्हणजे कोण शिकवेल, किती दिवस, आणि त्यानंतर एकट्याने सांभाळायचं. डायनॅमिकमागे मला आजवर काहीही सापडलेलं नाही, ते निःशंक खोडा. ‘स्पर्धात्मक’, ‘वर्चस्व’ अशा वळणाचे शब्दही साहेबांच्या पेनातून येत असतील तर त्यांनाही तीच शिक्षा. डॅनिएल गॉशर, जस्टिन फ्रीसन आणि आरन के यांनी 2011 मध्ये इंग्रजी जाहिरातींवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की पुरुषी छापाचे शब्द असलेल्या नोकऱ्या स्त्रियांना कमी आकर्षक वाटल्या. हे काम आपल्याला जमणार नाही असं त्यांना वाटत नव्हतं. तिथे आपण रुळणार नाही असं वाटत होतं.

सगळं करून त्या कंपनीची जेडी अशी झाली. तशीच्या तशी उचलू नका, आकडे तुमचे घाला.

> सर्व्हिस कोऑर्डिनेटर
>
> ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घेणे (दिवसाला साधारण 40, सोमवारी सकाळी जास्त) आणि बिघाडाचे वर्णन, मॉडेल व पत्ता सिस्टिममध्ये नोंदवणे. निम्म्याहून थोडा जास्त वेळ या कामात जातो.
>
> नऊ टेक्निशियनना सकाळी व दुपारी कॉल वाटणे. कॉलचा क्रम बदलण्याचा अधिकार या पदाकडे आहे.
>
> स्पेअरअभावी थांबलेल्या कॉलची यादी रोज तपासणे, स्टोअरकडून लेखी तारीख घेणे, दोन दिवसांत न कळवलेल्या ग्राहकांना फोन करणे.
>
> न जुळणाऱ्या जॉब शीट (रोज पाचेक) स्टोअरच्या नोंदीशी ताडून बिलिंगला पाठवणे.
>
> दिवसाचा अहवाल आणि आठवड्यातून एकदा अडकलेल्या कॉलचा आढावा.
>
> दर दुसऱ्या शनिवारी काम. महिन्यातून एक आठवडा संध्याकाळी 7 ते 9 तातडीचा मोबाइल. सहकारी रजेवर असताना त्यांच्या टेक्निशियनचे काम.
>
> पहिल्या दिवशी यायला हवे: ग्राहकांच्या भाषांत फोनवर बोलणे, अनेकांच्या कामाचे वेळापत्रक लावण्याचा एक वर्षाचा अनुभव, कोणत्याही क्षेत्रातला, एक्सेलमध्ये याद्या फिल्टर करणे व जुळवणे.
>
> आम्ही शिकवू: आमची यंत्रे, स्पेअरची नावे, कॉल सिस्टिम. पहिले तीन आठवडे अनुभवी सहकाऱ्यासोबत.

याखाली पगाराचा पट्टा आणि कुणाला रिपोर्ट करायचं ते. ‘प्राधान्य’ म्हणून आणखी एखादी ओळ घालायची असेल तर घाला, पण दोनच्या पुढे गेलात की उमेदवार त्या अटीच समजतात.

साहेब एक ओळ हमखास वाढवतील: ‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे.’ ती पूर्ण काढायच्या फंदात पडू नका, कारण कामं बदलतात हे खरंच आहे. तिला कुंपण घाला: ‘सर्व्हिस विभागाशी संबंधित इतर कामे, आठवड्यातून साधारण दोन तासांपर्यंत.’ त्यावर साहेब कुरकुरले, तर त्यांच्या डोक्यात एखादं लपलेलं काम अजून शिल्लक आहे असं समजा आणि तेही विचारून घ्या.

छापायला देण्याआधी ही जेडी कामाची गंधवार्ता नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, ‘या माणसाची सोमवारची सकाळ कशी जात असेल?’ तो ‘बऱ्याच लोकांशी बोलत असेल’ असं म्हणाला, तर पहिलं वाक्य पुन्हा लिहा. फोन, नोंद, वाटप या क्रमाने सांगू लागला तर जेडी तयार आहे. मग एखाद्या टेक्निशियनला दाखवा; गाळलेलं काम तोच पटकन बोट ठेवून सांगेल.

मुलाखतीचे प्रश्न यातूनच निघतील, वेगळे शोधायला लागणार नाहीत. एक छापील कागद करा: सहा कॉल, तीन टेक्निशियन, एकाकडे स्पेअर नाही, एक ग्राहक चार दिवसांपासून थांबलेला. उमेदवाराला दहा मिनिटं द्या आणि कुणाला कुठे पाठवाल ते विचारा. नंतर तुम्ही स्वतः थांबलेला ग्राहक बनून त्याला फोन करा. साहेबांना शेजारी बसवा, पण त्यांच्या हातात गुणांचा तक्ता द्या, ज्यात फक्त जेडीतल्या तीन अटी असतील. ‘मला तो जरा डायनॅमिक वाटला नाही’ असं ते म्हणाले, तर तक्त्यात त्यासाठी रकाना नाही, एवढंच दाखवा.